सायकलला गाडीने उडवल्यावर पोलिसांना द्यायचा जबाब: या चुका टाळा

गेली अकरा वर्षे मी पुण्यात रोज सायकल चालवते, आणि आमच्या सायकलगटातल्या कोणाला अपघात झाला की पोलीस चौकीत सोबत जाण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडे येते. चौकात मागून किंवा बाजूने आलेल्या गाडीने धडक दिल्यावर सायकलस्वाराने लिहिलेली दोन-तीन पाने मी अनेकदा वाचली आहेत आणि त्यांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. माणूस खरा असतो, जखमही खरी असते, पण कागदावर लिहिलेले पुढे टिकत नाही. त्यातल्या पहिल्या चुकीची किंमत मी स्वतः मोजली आहे, म्हणून तिच्याबद्दल सर्वांत जास्त लिहिते.

न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून लिहिणे

२०१७ साली सकाळी सातच्या सुमारास कोथरूडमधल्या एका चौकातून मी सरळ जात होते. एक मोटार माझ्या उजव्या बाजूने पुढे आली आणि लगेच माझ्यासमोरून डावीकडच्या रस्त्याला वळली. माझ्या हँडलचे उजवे टोक तिच्या मागच्या दाराला लागले, मी डाव्या खांद्यावर पडले आणि गळपट्टीचे हाड मोडले. मी रस्त्यावर पडलेली असताना जमलेल्या माणसांपैकी कोणीतरी म्हणाले, "बाप रे, ऐंशीच्या स्पीडने आली गाडी!" ते वाक्य माझ्या कानात राहिले. दोन दिवसांनी हवालदारांनी जबाब घेतला तेव्हा मी पूर्ण विश्वासाने सांगितले की मागून ८० च्या वेगाने भरधाव येणारी गाडी पाहून मी घाबरले आणि तेवढ्यात तिने मला धडक दिली. सांगताना मला ते खोटे वाटत नव्हते. माझ्या आठवणीत ते चित्र तोपर्यंत तसेच तयार झाले होते.

पुढे भरपाईसाठी मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे उलटतपासणी झाली. विमा कंपनीच्या वकिलांनी शांतपणे विचारले, "गाडी येताना तुम्ही पाहिली होती ना?" मी हो म्हणाले. "ती ८० च्या वेगाने येत आहे हेही दिसत होते?" मी पुन्हा हो म्हणाले. "मग तुम्ही थांबला का नाहीत, किंवा कडेला का घेतले नाही?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. गाडी माझ्या शेजारी येईपर्यंत मला दिसलीच नव्हती, हे खरे उत्तर होते; पण ते दिले असते तर माझा जबाबच खोटा ठरला असता. त्यानंतर त्यांनी विचारले की डावीकडच्या अरुंद रस्त्याला वळणारी गाडी ८० च्या वेगाने वळू शकते का. ती वळू शकत नाही, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होते. अखेरीस माझी वीस टक्के हयगय धरली गेली आणि भरपाईतून तेवढी रक्कम कमी झाली. त्या चालकाने माझ्यावर केलेल्या अन्यायात मी स्वतःच्या हाताने भर घातली होती.

यातली मेख नवख्यांना सांगूनही पटत नाही. वेग वाढवून सांगितला की आपली बाजू भक्कम होते असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात मागून येणाऱ्या गाडीचा वेग सांगणे म्हणजे आपण ती आधीपासून पाहत होतो असे कबूल करणे, आणि पाहत होतो तर टाळले का नाही हा प्रश्न ओघाने येतोच. चौकात वळणाऱ्या गाडीच्या बाबतीत तर वेग हा मुख्य मुद्दाच नसतो. तिने कुठून, कोणत्या क्षणी आणि कोणाच्या वाटेत वळण घेतले, हा मुद्दा असतो. गाडी २० च्या वेगानेही सायकलस्वाराच्या पुढ्यात वळू शकते आणि दोष तिच्या चालकाचाच असू शकतो.

पोलिसांच्या जबाबांत "भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने, वाहतुकीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून" हे शब्द ठरलेले असतात. ते आले म्हणून बिघडत नाही. बिघडते ते त्यांच्यापुढे काहीच न आल्याने. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये कर्नाटकातल्या एका ट्रक अपघाताच्या खटल्यात सांगितले आहे की वाहन जोरात चालले होते एवढ्यावरून हयगय ठरत नाही, कारण जोरात हा शब्द सापेक्ष आहे आणि त्या खटल्यातल्या एकाही साक्षीदाराने त्यातून काय म्हणायचे आहे ते स्पष्ट केले नव्हते. हे वाचून काही जण लगेच मनाने आकडा घालतात. तोच मोह आवरायचा आहे. चौकाजवळ येऊनही गाडीचा वेग कमी झाला नाही, ब्रेकचा आवाज आला नाही, धडकेनंतर ती झेब्रा पट्ट्यांपासून विजेच्या खांबापर्यंत जाऊन थांबली, अशा पाहिलेल्या आणि ऐकलेल्या गोष्टी लिहिल्या की वेगाचा अंदाज वाचणारा स्वतः बांधतो, आणि त्या वाक्यांना उलटतपासणीत धक्का लागत नाही.

हाच नियम इंडिकेटरला लागू आहे. "चालकाने इंडिकेटर दिला नाही" हे वाक्य जवळपास प्रत्येक जबाबात असते. गाडी मागे असताना तिचा इंडिकेटर तुम्हाला दिसूच शकत नाही. ती शेजारून पुढे गेली तेव्हा आरशावरचा किंवा मागचा दिवा लुकलुकताना दिसला नाही, एवढेच तुम्ही प्रामाणिकपणे सांगू शकता, आणि तेवढे पुरेसे असते. मोबाईलवर बोलणे आणि दारूचा वास यांचेही तसेच आहे: फोन कानाला लावलेला पाहिला असेल तर तसे लिहा, आणि धडकेनंतर हातात फोन पाहिला असेल तर "धडकेनंतर" हा शब्द गाळू नका.

माझी सवय मी सांगते. अपघाताच्या दिवशीच, चार लोकांशी बोलण्यापूर्वी, मी फोनमध्ये आठवेल तसे बोलून ठेवायला सांगते. हात चालत असेल तर एका पानावर चौकाचा कच्चा नकाशा काढायचा. मग वहीत चार भाग करायचे: धडकेपूर्वी मी काय पाहिले, धडकेच्या क्षणी काय झाले, त्यानंतर काय पाहिले, आणि लोकांनी मला काय सांगितले. चौथ्या भागातली कोणतीही गोष्ट पहिल्या तिन्हींत जाऊ द्यायची नाही. जबाबात ती "घटनास्थळी असलेल्या एका इसमाने मला सांगितले की" अशीच आली पाहिजे, आणि तो इसम कोण, चहाच्या टपरीवरचा की रिक्षावाला, हे माहीत असल्यास त्याच वाक्यात. ज्याने पाहिले त्याचाच जबाब पोलीस घेतील. त्याचे डोळे तुम्ही उसने घेऊ नका.

ओरखडा गाडीच्या बाजूला असतो, हे विसरणे

चौकातल्या या प्रकारच्या अपघाताची एक खोच आहे. गाडी पुढे जाऊन डावीकडे वळते तेव्हा तिच्या डाव्या बाजूला, बहुधा दारावर, ओरखडा येतो, आणि सायकलचे पुढचे चाक किंवा हँडल वाकते. पंचनाम्यात एवढेच आले तर वाचणाऱ्याला वाटते की गाडी चालली होती आणि सायकलनेच तिला बाजूने धडक दिली. चालकही नेमके हेच सांगतो. म्हणून जबाबात क्रम सुटता कामा नये. गाडी आधी उजव्या बाजूने समांतर आली, मग तिचा आरसा माझ्या कोपराच्या पुढे गेला, मग ती डावीकडे वळू लागली, मी ब्रेक दाबले, आणि तरीही हँडलचे उजवे टोक तिच्या मागच्या डाव्या दाराला लागले. "गाडीने मला उडवले" या तीन शब्दांत यातले काहीच येत नाही, आणि बहुतेक जण घाईने तेवढेच लिहून मोकळे होतात.

अंतरे फुटांत किंवा मीटरांत सांगता येत नसतील तर जागेवरच्या वस्तूंनी सांगा. थांबा-रेषा, दुभाजकाचे टोक, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाची पायरी, या गोष्टी स्थळ पंचनाम्यातही येतात आणि दोन्ही कागद एकमेकांना धरून राहतात. नंतर जाऊन पावलांनी मोजले असेल तर तसेच लिहायचे, की अमुक दिवशी मी पावलांनी मोजले. "डावीकडून" आणि "उजवीकडून" हे शब्द एकटे वापरू नका; कोणाच्या डावीकडून, हे प्रत्येक वेळी सांगा.

"पडलो" म्हणणे आणि "तक्रार नाही" वर सही करणे

दुसरी मोठी चूक चौकीत पोहोचण्याच्या आधीच होते, म्हणून तिचा राग मला सर्वांत जास्त येतो. आमच्या गटातला एक विशीतला मुलगा अशाच धडकेत पडला. चालकाने स्वतःच त्याला जवळच्या रुग्णालयात नेले, मलमपट्टीचे पैसे भरले आणि फोन नंबर दिला. डॉक्टरांनी काय झाले विचारल्यावर मुलगा म्हणाला, "सायकलवरून पडलो." घरी काळजी नको, समोर उभ्या असलेल्या माणसाला त्रास नको, एवढाच त्याचा विचार होता. केसपेपरवर सायकलवरून पडून दुखापत, असे लिहिले गेले. संध्याकाळी चौकीत दोघांना बोलावले तेव्हा त्याने "माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही" अशा चार ओळींवर सही केली आणि घरी आला.

मनगट दुखतच राहिले. पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसले नव्हते. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्कॅफॉइड नावाच्या लहान हाडाची तड पहिल्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही. म्हणूनच दुखणे राहिले तर डॉक्टर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासतात. त्याची तड दुसऱ्या एक्स-रेमध्ये दिसली. भारतीय न्याय संहितेनुसार हाड मोडणे ही साधी दुखापत राहत नाही, ती गंभीर दुखापत होते, आणि चालकावर लागणारे कलमही १२५ (अ) ऐवजी १२५ (ब) होते, ज्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण त्याच्या हातात दोन कागद होते: एकात तो स्वतः पडला होता आणि दुसऱ्यात त्याची तक्रार नव्हती. चालकाचा फोन तोपर्यंत बंद येऊ लागला होता.

आम्ही लेखी अर्ज दिला. त्यात पहिल्या दिवशी त्याने डॉक्टरांना तसे का सांगितले ते जसेच्या तसे लिहिले, दुसऱ्या एक्स-रेचा अहवाल जोडला आणि धडकेच्या वेळी १०८ ला फोन करणाऱ्या फळविक्रेत्याचा उल्लेख केला. गुन्हा दाखल झाला, पण त्यासाठी तीन आठवडे चौकीच्या फेऱ्या माराव्या लागल्या, आणि पहिल्या केसपेपरवरचे ते वाक्य शेवटपर्यंत त्याला चिकटून राहिले.

म्हणून रुग्णालयात एकच वाक्य म्हणा: "चौकात मोटारीने धडक दिली." गाडीचा क्रमांक आठवत असेल तर तोही सांगा. रस्ता अपघात म्हटल्यावर डॉक्टर त्याची वैद्यकीय-कायदेशीर नोंद करतात आणि पोलिसांना कळवतात. त्या नोंदीतली वेळ आणि कारण तुमच्या जबाबाशी जुळले पाहिजे. दुखणे नेमके किती आहे हे कळेपर्यंत "तक्रार नाही" वर सही करू नका. पहिल्या दिवशी तुम्ही "सध्या खांद्यात व मनगटात दुखत असून पुढील तपासणी बाकी आहे" एवढे लिहिले, तर पुढचा अहवाल त्याला जोडता येतो. चालक सज्जन वाटला म्हणून हे टाळणाऱ्यांना मी सांगते की तो सज्जन असेलही, पण तुमच्या मनगटाचा खर्च त्याच्या सज्जनपणावर नव्हे, त्याच्या विम्यावर चालणार आहे, आणि विमा कंपनी कागद मागते.

फिर्याद आणि जबाब एकच समजणे

पोलिसांकडे पहिली खबर तुम्हीच देत असाल तर ती फिर्याद असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली ती नोंदवली जाते, तुम्हाला वाचून दाखवली जाते, तिच्यावर तुमची सही होते आणि तिची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळते. फिर्याद दुसऱ्या कोणी आधीच दिली असेल तर तुमचे सांगणे कलम १८० खालचा जबाब ठरते, आणि त्यावर सही घेण्याची कायद्यात तरतूद नाही. सहीबद्दल चौकीत वाद घालत बसण्यापेक्षा आपण कोणत्या कलमाखाली बोलतो आहोत हे नम्रपणे विचारून घ्या. हे विचारण्याचे कारण असे की फिर्याद ही पुढे तुमच्या बाजूनेही वापरता येते. जबाब मात्र मुख्यतः तुम्ही नंतर वेगळे बोललात हे दाखवायला वापरला जातो. दोन्हींत आकडे जपून घालायचे ते याचसाठी.

फिर्याद घेण्यास ठाण्यात नकार मिळाला तर तेच लेखी निवेदन टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. पुण्यासारख्या आयुक्तालयाच्या शहरात ते उपायुक्तांकडे जाते. कोणताही अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच नसलेला अर्ज दिला नसल्यासारखाच समजा.

थोडक्यात सांगता येणाऱ्या चुका

व्हॉट्सॅपवर फिरणारा तयार नमुना उतरवू नका. त्यातला चौक तुमचा नसतो आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या परिच्छेदात कळते.

सायकल दुरुस्त करू नका, पुसूही नका, तपासणी होईपर्यंत आहे तशी ठेवा आणि वाकलेल्या भागाचे फोटो मोजपट्टी लावून काढा.

समोरच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर त्याचा उल्लेख पहिल्याच दिवशी जबाबात करा, कारण अनेक ठिकाणचे चित्रण थोड्याच दिवसांत आपोआप पुसले जाते.

तुमचा एखादा दोष असेल, जसे की कानात इअरफोन होते, तर विचारल्यावर लपवू नका. पण "माझीही थोडी चूक होती" असे भावनेच्या भरात स्वतःहून लिहू नका. घडलेली गोष्ट लिहा; चूक कोणाची ते ठरवणे तुमचे काम नाही.

कसा लिहायचा

माझ्या अपघाताचा जबाब मी आज पुन्हा लिहिला असता तर त्याचा मधला भाग असा असता:

"सकाळी ६.५० च्या सुमारास मी सायकलवरून पूर्वेकडून पश्चिमेकडे, रस्त्याच्या डाव्या कडेपासून सुमारे एक मीटर अंतर ठेवून जात होते. मला चौकातून सरळ जायचे होते. मी थांबा-रेषा ओलांडली तेव्हा माझ्या दिशेचा सिग्नल हिरवा होता. त्यानंतर एक पांढरी मोटार माझ्या उजव्या बाजूने माझ्या बरोबरीने आली. त्यापूर्वी मी ती पाहिलेली नव्हती. ती माझ्यापेक्षा जास्त वेगाने पुढे गेली. तिचा वेग मला आकड्यात सांगता येणार नाही. तिचा डावा आरसा माझ्या कोपराच्या पुढे जाताच ती माझ्या समोरून डावीकडील रस्त्याला वळू लागली. आरशावरील दिवा लुकलुकताना मला दिसला नाही. मी दोन्ही ब्रेक दाबले, परंतु माझ्या हँडलचे उजवे टोक तिच्या मागील डाव्या दाराला लागले व मी डाव्या खांद्यावर पडले. मोटार औषधाच्या दुकानासमोर थांबली. चालक खाली उतरल्यावर मी त्याला प्रथम पाहिले. गाडी वेगात होती असे तेथे जमलेल्या एका इसमाने म्हटले. त्याचे नाव मला माहीत नाही."

यात एकही शब्द जोरदार नाही आणि तरीही चालकाने काय केले हे स्वच्छ दिसते. त्या वकिलांनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे यात आधीच आहेत.

जबाब संगणकावर टंकलिखित होतो आणि शेवटी "तो मी वाचून पाहिला, माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे" हे वाक्य येते. ते वाक्य खरे असू द्या. पडद्यावर नव्हे, छापलेल्या कागदावर, गाडीचा क्रमांक एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. मी सोबत असते तेव्हा जखमी माणसाला चष्मा लावायला लावते आणि खांदा दुखत असला तरी बसून पूर्ण वाचायला लावते, कारण घाईत सही केलेल्या एका पानावर "सायकलस्वार अचानक उजवीकडे वळला" असे छापून आलेले मी एकदा पाहिले आहे, आणि ते टाइप करणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. चूक असेल तर पान बदलून मागा. सही झाल्यानंतर लक्षात आली, किंवा नंतर एखादी तड, एखादा साक्षीदार सापडला, तर पहिला जबाब खोडायचा नसतो. तपास अधिकाऱ्यांना लेखी विनंती करून पुरवणी जबाब द्यायचा, आणि त्यात ही गोष्ट तुम्हाला कोणत्या तारखेला, कशी कळली हे पहिल्या ओळीत लिहायचे. भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा अशी तरतूद २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने आली आहे, तेव्हा हा पुरवणी जबाब प्लास्टर निघण्याची वाट न पाहता, अहवाल हातात आला त्याच आठवड्यात द्या.